प्रशासकीय कायदा आणि घटनात्मक कायदा : रेघ नेमकी कुठे मारायची?

पहिल्या_बाकावरची
नमस्कार मंडळी. विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या घटना शिकतेय, प्रशासकीय कायदा पुढे आहे. पण आमचे सर शिकवता शिकवता मध्येच म्हणतात, "हा मुद्दा घटनेचा नाही, प्रशासकीय कायद्याचा आहे," आणि पान उलटतात. मी आपली वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवते. अशी आता अकरा प्रश्नचिन्हं झाली आहेत.

दोन्हीकडे सरकार आहे, दोन्हीकडे कोर्ट आहे, दोन्हीकडे एक वैतागलेला नागरिक आहे. मग फरक काय? एका नोट्समध्ये "घटना म्हणजे सांगाडा, प्रशासकीय कायदा म्हणजे मांस" असं वाचलं. ऐकायला बरं वाटतं, पण समोर प्रकरण ठेवलं तर कुठल्या वाक्यावर बोट ठेवून "हे इकडचं, ते तिकडचं" म्हणायचं ते कळत नाही. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

तिरकस
सांगाडा आणि मांस! पोस्टमॉर्टेमचा पेपर आहे का?

ध्येयवेडा
ताई, प्रशासकीय सेवेसाठी वैकल्पिक विषय घेणार असाल तर आधी जुन्या प्रश्नपत्रिका चाळा. मी दोन प्रयत्न दिलेत. मुलाखतीत घटनेवर जास्त विचारतात, त्यामुळे...

तिरकस
ध्येयवेडा, प्रशासकीय *कायदा* विचारलाय हो. सेवा नाही.

ध्येयवेडा
ओह. शीर्षक अर्धंच वाचलं. चालू द्या.

सनदी_साहेब
सोपं आहे. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात चालतो तो घटनात्मक कायदा. खाली न्यायाधिकरणं, आयुक्त, अपील अधिकारी यांच्यासमोर चालतो तो प्रशासकीय कायदा. एवढं लक्षात ठेवा, पेपर सुटतो.

फाईलवाले_काका
सनदी_साहेब, थोडं थांबा. असं लिहिलं तर पेपर सुटेल, पण हातातून. प्रशासकीय कायद्याचे मोठे निकाल सुप्रीम कोर्टाचेच आहेत. प्रकरण कुठल्या इमारतीत चाललं यावर काही ठरत नाही.

मी निवृत्त आहे. बरीच वर्षं कोर्टात सरकारच्या बाजूने उभा राहिलो, म्हणजे आदेशांचं समर्थन करण्यात आयुष्य गेलं. कागद हातात आला की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारायचो, "समोरच्याची तक्रार *कायद्याबद्दल* आहे की त्या कायद्याखाली काढलेल्या *आदेशाबद्दल*?" विधिमंडळाने केलेला कायदाच चुकीचा, तो करण्याचा अधिकारच नव्हता किंवा तो मूलभूत हक्काच्या आड येतो, अशी तक्रार असेल तर घटनेचं पुस्तक उघडायचं. कायदा ठीक आहे, पण तो वापरताना अधिकाऱ्याने घोळ घातला, अशी तक्रार असेल तर प्रशासकीय कायद्याचं.

तुम्हाला वाक्यावर बोट ठेवायचंय ना? मग एकच प्रकरण घेऊ. पहिल्या वर्षाला ते वाचावंच लागतं आणि त्यात दोन्ही प्रश्न एकाच फाईलमध्ये बसलेत. मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार, निकाल २५ जानेवारी १९७८, सात न्यायमूर्तींचं पीठ. जेवून येतो, मग लिहितो.

खटपट्या
वाचतोय. काका येईपर्यंत माझंही एक गाऱ्हाणं ऐका. वजनकाटे दुरुस्तीचा माझा परवाना नूतनीकरणाला गेला होता. चार महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं, "आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे." कारण नाही, सुनावणी नाही. मी थेट मूलभूत हक्काचा भंग म्हणून सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो का?

तिरकस
काटा दुरुस्त करणाऱ्यालाच तोलून मापून वागवलं नाही म्हणायचं.

सनदी_साहेब
मनेका गांधी मला माहीत आहे. त्यात कोर्टाने पासपोर्ट कायद्याचं कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं आणि त्या जिंकल्या. म्हणजे ते शुद्ध घटनात्मक प्रकरण आहे. काकांचं उदाहरणच चुकलं.

फाईलवाले_काका
आलो. सनदी_साहेब, तुम्ही लिहिलंत ते पुष्कळांना वाटतं, म्हणून आधी तेच घेतो. कलम रद्द झालं *नाही*. ते टिकलं, आणि आजच्या धाग्याचं उत्तर त्या टिकण्यातच आहे.

आता क्रमाने. त्यांना पासपोर्ट १९७६ मध्ये मिळाला होता. ४ जुलै १९७७ ला त्यांच्या हाती एक पत्र पडलं, तारीख २ जुलै. प्रादेशिक पासपोर्ट अधिकाऱ्याने कळवलं होतं की केंद्र सरकारने पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १०(३)(क) खाली सार्वजनिक हितासाठी तुमचा पासपोर्ट अडकवून ठेवायचं ठरवलंय, सात दिवसांत जमा करा. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं की याच कायद्याच्या कलम १०(५) प्रमाणे कारणांची प्रत द्या. ६ जुलैला परराष्ट्र मंत्रालयाने कळवलं की सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी कारणं द्यायची नाहीत असं सरकारने ठरवलंय.

पासपोर्ट का घेतला, तर जनहित. कारण का सांगत नाही, तर तेही जनहित. त्या अनुच्छेद ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात गेल्या.

आता तुमची वही काढा. याचिकेत दोन वेगळी गाऱ्हाणी होती.

पहिलं असं की कलम १०(३)(क) हेच वाईट आहे. "जनहित" एवढाच शब्द, तो कसा वापरायचा याची रीत नाही, सुनावणीचा उल्लेख नाही, म्हणजे सरकारच्या हाती मोकळा दांडा. त्यामुळे ते अनुच्छेद १४, १९ आणि २१ च्या विरुद्ध आहे. इथे बोट संसदेकडे आहे. घटनेचा प्रश्न.

दुसरं असं की कलम चांगलं असलं तरी *माझ्याबाबतीतला* २ जुलैचा आदेश वाईट आहे. मला न विचारता काढला, कारण दडवलं. इथे बोट मंत्रालयाकडे आहे. संसद पूर्ण निर्दोष असली तरी हा प्रश्न उरतो. हा प्रशासकीय कायद्याचा.

पहिल्या_बाकावरची
काका, हे पहिल्यांदाच नीट कळतंय! पण कलमात सुनावणीचा शब्दच नव्हता ना? मग ती दिली नाही म्हणून मंत्रालयाचा दोष कसा? त्यांनी कायद्यात लिहिलंय तेवढंच केलं.

फाईलवाले_काका
बरोबर जागी अडलात. प्रशासकीय कायद्याचं मोठं काम अशा न लिहिलेल्या जागांमध्येच चालतं. एखाद्याचं नुकसान करणारा निर्णय घ्यायचा तर त्याचं म्हणणं ऐका, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व कायदा गप्प असला तरी त्यात *आहेच* असं कोर्ट धरतं. संसदेने स्पष्टपणे किंवा अपरिहार्यपणे ते वगळलं असेल तरच वेगळी गोष्ट.

याचा परिणाम बघा. कोर्टाने सुनावणीचा हक्क कलम १०(३)(क) मध्ये वाचला. वाचल्याबरोबर कलमाची रीत न्याय्य झाली आणि घटनेच्या कसोटीला उतरली. म्हणून कलम वाचलं. आणि नेमक्या त्याच कारणाने आदेश उघडा पडला, कारण आता कलमात असलेली सुनावणी मंत्रालयाने दिली नव्हती. कायद्याला जामीन मिळाला आणि आदेश आत गेला, असं आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणायचे.

सनदी_साहेब
मान्य, मी कुठल्यातरी गाईडमध्ये वाचलं होतं. पण मग तत्त्व सरळ आहे : सुनावणीशिवाय काढलेला आदेश नेहमीच बाद. निर्णयाच्या *आधी* सुनावणी हवीच.

मेघना_व
"नेहमीच" नाही. मी प्रशासकीय कायदा शिकवते, हा शब्द दिसला की लाल पेन आपोआप उघडतं. :)

सरकारची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. पासपोर्ट अडकवायचाय असं आधी कळवलं तर माणूस सुनावणीच्या तारखेपर्यंत थांबेल कशाला, पुढचं विमान पकडेल. मग अधिकाराला अर्थच राहणार नाही. न्या. भगवती यांनी ही अडचण मान्य केली, पण त्यावरून "मग सुनावणीच नको" इथवर जायला नकार दिला. पासपोर्ट आधी घ्या, पण घेतल्यावर ताबडतोब म्हणणं ऐका आणि मग निर्णय कायम ठेवायचा की फिरवायचा ते ठरवा. म्हणजे प्रश्न "ऐकायचं की नाही" यावरून "केव्हा आणि किती ऐकायचं" यावर आला. प्रशासकीय कायद्याची बरीच प्रकरणं या "केव्हा आणि किती" वरच लढली जातात.

आणखी एक. कारण सांगता येत नाही म्हणणाऱ्या सरकारने कोर्टातल्या शपथपत्रात ते सांगून टाकलं : एका चौकशी आयोगापुढे त्यांची गरज लागण्याची शक्यता आहे. कोर्टाने साहजिकच विचारलं की हे तेव्हाच सांगायला काय हरकत होती.

तिरकस
सर्वसाधारण जनता आजतागायत विचारतेय, आमचं कुठलं हित?

पहिल्या_बाकावरची
मग शेवटी पासपोर्ट मिळाला का?

फाईलवाले_काका
इथे गोष्ट सिनेमासारखी संपत नाही. सुनावणी चालू असताना महान्यायवादींनी कोर्टाला सांगितलं की त्यांनी म्हणणं मांडावं, सरकार ते दोन आठवड्यांत ऐकून निर्णय घेईल, आणि पासपोर्ट अडकवण्याचाच निर्णय कायम राहिला तर तो त्या दिवसापासून सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकणार नाही. एवढं कबूल झाल्यावर बहुमताने आदेश औपचारिकपणे रद्द करण्यात हशील मानलं नाही. सरन्यायाधीश बेग यांचं मत मात्र आदेश रद्दच करावा असं होतं. आणि पासपोर्ट? तो तोवर कोर्टाच्या निबंधकांच्या ताब्यात ठेवायला सांगितला.

यातही फरक दिसतो बघा. घटनेच्या प्रश्नावर निकाल लागला की तो सगळ्या देशाला लागतो, कलम एकतर उभं राहतं नाहीतर पडतं. प्रशासकीय प्रश्नावर बहुतेक वेळा "परत जा, नीट ऐक, पुन्हा ठरव" एवढंच मिळतं. अधिकारी ऐकून घेऊन तोच निर्णय पुन्हा देऊ शकतो. अशिलाला हे समजावणं फार जड जातं, जिंकूनही रिकाम्या हाताने का जायचं म्हणून तो आपल्यावरच चिडतो.

तर्कट
उशिरा आलो. काका आणि मेघनाताई छान लिहितायत, पण माझा मूळ आक्षेप नोंदवून ठेवतो. भारतात ही रेघ आता कागदावरच उरली आहे. मनमानी आदेश हा अनुच्छेद १४ चा भंग, हे १९७३ च्या रोयप्पा निकालापासून चालू आहे आणि मनेकात ते पक्कं झालं. शिवाय आदेशाविरुद्ध जायचा रस्ता तरी कुठला? अनुच्छेद २२६ किंवा ३२ ची रिट. म्हणजे हक्क घटनेचा, दारही घटनेचं. मग "हा वेगळा प्रशासकीय कायदा" कशाला म्हणायचं? विद्यापीठाला दोन पेपर हवेत म्हणून?

मेघना_व
तर्कट, दार घटनेचं आहे हे मान्य. पण आत गेल्यावर काय शोधता ते बघा. गोरधनदास भानजी प्रकरण घ्या, सुप्रीम कोर्ट, १९५१.

माणसाला अंधेरीत सिनेमागृह बांधायचं होतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. सप्टेंबरात त्यांच्याच कार्यालयातून पत्र आलं, मथितार्थ असा की सरकारच्या निर्देशावरून कळवतो, परवानगी रद्द करण्यात येत आहे. नियमांप्रमाणे रद्द करायचा अधिकार होता आयुक्तांना, सरकारला नव्हे. कोर्टात आयुक्तांच्या बाजूने सांगून पाहिलं की मीच विचार करून रद्द केलं, सरकारचा फक्त सल्ला घेतला. कोर्टाने ते ऐकलं नाही. पत्रात जे लिहिलंय त्याचा अर्थ पत्रावरूनच लावायचा, अधिकाऱ्याच्या मनात काय होतं याच्या नंतरच्या खुलाशावरून नाही. आणि पत्र म्हणतं की निर्णय सरकारचा. म्हणजे ज्याला अधिकार होता त्याने ठरवलं नाही, आणि ज्याने ठरवलं त्याला अधिकार नव्हता.

या प्रकरणात मूलभूत हक्क कुठे आहे? कुठेच नाही. पत्र १९४७ चं, तेव्हा राज्यघटनाच नव्हती. अर्जसुद्धा १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ४५ खाली होता. तरी प्रशासकीय कायदा पुरून उरला.

तर्कट
उदाहरण चांगलं आहे, पण ते घटनेच्या आधीचं असल्यामुळेच तुमच्या बाजूचं आहे. तेच पत्र आज आलं तर वकील पहिल्या परिच्छेदात अनुच्छेद १४ च लिहील.

मेघना_व
लिहीलच. पण न्यायाधीश विचारतील, "वकीलसाहेब, सही कोणाची आणि अधिकार कोणाला?" आणि प्रकरण तिथेच सुटेल, १४ पर्यंत पोचायची गरज पडणार नाही. वापरायच्या क्रमाने तरी दोन्ही वेगळे आहेत एवढं मानाल का?

तर्कट
क्रमापुरतं मानतो. तत्त्वाने नाही. :)

फाईलवाले_काका
तर्कट यांचं अगदीच खोडून काढता येत नाही, मोठमोठ्यांचं यावर एकमत नाही. पण मुलीला उपयोगी पडेल म्हणून आणखी एक जोडतो. मनेकाच्या अकरा वर्षं आधी, १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉहनी प्रकरण झालं. तेव्हा पासपोर्ट द्यायचा की नाही याचा कायदाच नव्हता, सरकार आपल्या मर्जीने ठरवायचं. कोर्टाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा अनुच्छेद २१ मधल्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि ते कायद्याशिवाय हिरावता येत नाही. तिथे आदेश नीट काढला का हे विचारण्याआधीच सरकारचा पायच सापडला नाही. हा शुद्ध घटनेचा प्रश्न. त्यामुळे त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. कायदा आला, आणि मग तो *कसा वापरला* हा प्रश्न जन्मला. दोन्ही निकाल लागोपाठ वाचा, तुमची अर्धी प्रश्नचिन्हं पुसली जातील.

पहिल्या_बाकावरची
वाचते. आता मी स्वतः करून बघू? खटपट्या दादांचं प्रकरण घेते. त्यांचा आक्षेप परवान्याच्या कायद्यावर नाही, एका ओळीच्या पत्रावर आहे. म्हणजे प्रशासकीय कायदा. कारण दिलं नाही, ऐकलं नाही, म्हणून आदेश टिकणार नाही. आणि जिंकले तरी परवाना थेट मिळणार नाही, अर्जाचा फेरविचार होईल. बरोबर?

मेघना_व
बरचसं. दोन पायऱ्या राहिल्या. एक, त्या कायद्यात अपील आहे का ते आधी बघायचं. असेल तर कोर्ट साधारणपणे तिकडे जायला सांगतं. मनेकात ही वाट बंद होती, कारण आदेश खुद्द केंद्र सरकारचा असेल तर पासपोर्ट कायद्यात अपील नाही. दोन, नवा परवाना नाकारणं आणि चालू परवाना न वाढवणं यात फरक आहे. ज्याचा धंदा त्या कागदावर चालू आहे त्याचं ऐकण्याची जबाबदारी जास्त.

खटपट्या
म्हणजे सुप्रीम कोर्ट नको.

तिरकस
निदान या आठवड्यात नको.

फाईलवाले_काका
खटपट्या, कारण आणि सुनावणीचं नंतर बघू. आधी ते पत्र पुन्हा बाहेर काढा. वजनमापांच्या २००९ च्या कायद्यात परवाना देण्याचा अधिकार नियंत्रकाला आहे. तो रीतसर खाली सोपवलेला असू शकतो, पण तसा आदेश दाखवता आला पाहिजे. तुमच्या पत्रावर सही कोणाची आहे, आणि सहीच्या वर काय लिहिलंय? शब्द न शब्द द्या. नावं देऊ नका.

खटपट्या
शोधलं, कपाटात बिलांच्या खाली होतं. मी "विनंती अमान्य" एवढंच वाचून पत्र फेकलं होतं. पूर्ण वाक्य असं आहे : "वरिष्ठ कार्यालयाकडून प्राप्त तोंडी निर्देशास अनुसरून आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे." खाली "करिता" लिहून सही आहे, कोणाची ते लागत नाही.

मेघना_व
*तोंडी!*

तिरकस
अंधेरीचं सिनेमागृह पुन्हा उघडलं.

तर्कट
बरं, हे मात्र तुमच्या खात्यात टाका मेघनाताई. पण याचिकेत मी १४ लिहिणारच.

फाईलवाले_काका
पत्राची साक्षांकित प्रत काढून ठेवा, आणि ते हाती पडल्याची तारीख लिफाफ्यावरून बघा. अपिलाची मुदत तिथून मोजतात.

खटपट्या
लिफाफा टाकून दिला हो काका.

पहिल्या_बाकावरची
बारावं प्रश्नचिन्ह : लिफाफा नसेल तर तारीख कशी सिद्ध करायची?